सुधारित बदली आदेश

शेरेसाहेबांचं आडनाव शेरे नव्हतं. ते नाव त्यांना कचेरीने दिलं होतं, आणि प्रेमाने दिलं होतं असंही नाही. नेमणुका, बदल्या आणि रजा यांचे कागद जिथे जन्माला येतात त्या आस्थापना शाखेत त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय तो कधी पुढे सरकवला नाही. संदर्भ जोडलेला नाही. जावक क्रमांक दिसत नाही. प्रत कोणाला, याचा उल्लेख नाही. एका शिपायाने आजारपणाच्या रजेचा अर्ज दिला, तर त्यावर ‘आजार नेमका केव्हापासून, याचा बोध होत नाही’ असं लिहून त्यांनी तो परत पाठवला. साहेबांना बोध होईपर्यंत शिपाई बरा होऊन कामावर आला होता.

अशा माणसाला निवृत्त करणं म्हणजे घरच्यांवर सूड उगवणं. कचेरीने निरोपाच्या दिवशी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून शेरे घरात सुरू झाले. नातीच्या शाळेतून आलेली सूचना, सोसायटीच्या फलकावरची पाणी बंद असल्याची चिठ्ठी, औषधाच्या डबीतलं घडीचं पत्रक, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पाणी बंदच्या चिठ्ठीवर ‘कोणाच्या आदेशाने?’ असं त्यांनी लाल पेनाने लिहिलं. पाणी त्या दिवशीही बंदच राहिलं. बायकोने सुरुवातीला वाद घातला, मग विजेची बिलं त्यांच्या हवाली केली आणि स्वतः शेजारणीकडे जाऊन बसू लागली.

पण खरं सांगायचं तर त्यांची अवस्था वाईट होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी एक मसुदा दाखवला नव्हता. जुन्या शाखेतून सुरुवातीला एक-दोन फोन आले, तेही कपाटाच्या किल्लीसाठी. एका वाक्यात तीन नियम बसवू शकणारा माणूस दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या दुकानाची पाटी मनातल्या मनात सुधारत असे. आपली गरज कोणाला उरली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांना रोज बोचत होतं.

घर चालत होतं ते सुनेच्या जिवावर. मुलगा दुसऱ्या गावी कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. सून डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ होती. पहाटे जाऊन यंत्रं धुवायची, नळ्या जोडायच्या, पाणी तपासायचं, आणि पहिला रुग्ण खुर्चीत बसायच्या आत सगळं तयार ठेवायचं. पहाटेची पाळी तिने मागून घेतली होती, कारण त्या पाळीवाली दुपारी घरी येते आणि संध्याकाळ लेकीबरोबर घालवते. अडचण एकच होती. त्या वेळेला बस नसते. तिची जुनी स्कूटर होती तोवर ठीक चाललं. मग स्कूटरचं इंजिन बसलं, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा खर्च सांगून वर हेही सांगितलं की एवढ्या पैशात तो स्वतः तरी ही गाडी दुरुस्त करणार नाही.

काही दिवस केंद्रातल्या एका मैत्रिणीने तिला गाडीवर नेलं. ती मैत्रीण महिनाअखेर बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती. केंद्राच्या प्रमुख बाई कडक. त्यांनी सांगून ठेवलं, वेळेत यायचं असेल तर पहाटेची पाळी, नाहीतर संध्याकाळची घ्या. संध्याकाळची घेतली की घरी येईपर्यंत पोर झोपलेली. म्हणून सुनेला महिनाअखेरच्या आत स्कूटर हवी होती. तेवढे पैसे तिने साठवले होते, नव्या गाडीएवढे नाही, पण बऱ्या जुन्या गाडीएवढे.

गॅरेजवाल्याकडे एक जुनी स्कूटर विकायला होती. उजव्या बाजूला ओरखडा होता, सीट शिवलेली होती, बाकी धडधाकट. सून बघायला निघाली तेव्हा शेरेसाहेबही पायात चपला सरकवून निघाले. कागदोपत्री व्यवहार आहे, त्यात घरातलं जाणतं माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कागद मागितले, चष्मा पुसला आणि पाच मिनिटांत दोष काढला. नोंदणीवरचा पत्ता एक आणि विम्यावरचा दुसरा. गॅरेजवाला म्हणाला की मालकाने मधे घर बदललं. शेरेसाहेब म्हणाले की तसा लेखी खुलासा मालकाकडून घ्यावा लागेल. गॅरेजवाल्याचे हात ग्रीसमध्ये होते. त्याने कोपराने किल्लीकडे खूण केली.

“काका, एक चक्कर मारून बघा. जो काय खुलासा आहे तो गाडी देईल.”

झालं. कागदाला असं उडवून लावणाऱ्याशी व्यवहार करायचा नाही, असं साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं. सुनेने परतताना दोनदा मागे वळून स्कूटरकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. सासऱ्यांना तोंडावर दुखवायचं नाही ही तिची सवय होती आणि या गोष्टीत तीच तिला महागात पडली.

साहेबांनी मग स्वतः शोध सुरू केला. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचं ॲप नातीने त्यांच्या फोनवर घालून दिलं. तीन दिवस ते जाहिरातींवर तोंडी शेरे मारत बसले. चौथ्या दिवशी एक स्कूटर दिसली. चंदेरी रंग, एकही ओरखडा नाही, मागे छावणीची पांढरी भिंत आणि ओळीने रंगवलेले दगड. किंमत बाजारभावापेक्षा कमी, पण डोळ्यांत भरेल इतकीही कमी नाही. खाली लिहिलं होतं की मालक लष्कराच्या भांडारात आहे, अचानक लांब बदली झाल्यामुळे गाडी विकायची आहे.

बदली हा शब्द वाचला आणि साहेब खुर्चीत ताठ झाले. एवढ्या सगळ्या जाहिरातींत त्यांच्या खात्याचा एकच शब्द होता आणि तो इथे होता.

फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलणारा निघाला. प्रत्येक वाक्याच्या आधी सर आणि नंतरही सर. गाडी बघायला येतो म्हटल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त केली. छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नाही सर. व्हिडिओ कॉल करतो म्हटलं तर आत कॅमेऱ्याला बंदी. मग जाहिरातीतले फोटो काढले कशाने, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला असता. साहेबांच्या मनात आला नाही, कारण त्यांचं मन पुढच्या प्रश्नावर होतं. बदलीचा आदेश आहे का?

आहे ना सर, असं म्हणून त्याने ओळखपत्र, गाडीची नोंदणी आणि आदेश असे तिन्ही फोटो पाठवले. नोंदणीचा क्रमांक साहेबांनी वाहन खात्याच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. तोच रंग, तेच मॉडेल, मालकाच्या नावाची पहिली अक्षरंही तीच. सुनेला बोलावून त्यांनी ते दाखवलं. त्या क्रमांकाची गाडी जगात कुठेतरी आहे एवढंच त्यावरून कळतं. ती फोनवरच्या माणसाकडे आहे असं काही ते संकेतस्थळ सांगत नाही. पण क्रमांक जुळला की माणसाचं डोकं तिथेच बसकण मारतं.

आदेश मात्र भिकार होता. जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही, कार्यमुक्त केव्हा करायचं ते नाही, खाली प्रत कोणाला ते नाही. नुसती एक ओळ, एक गोल शिक्का आणि एक गिचमिड सही. शेरेसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. हा आदेश खरा नाही, ते बायकोला म्हणाले. त्या क्षणी त्यांचं सगळं बरोबर होतं. तिथे थांबले असते तर त्यांच्या आयुष्यभराच्या विद्येचं चीज झालं असतं.

पण शेरा मारल्याशिवाय थांबतील ते शेरेसाहेब कसले. त्यांनी त्या माणसाला सविस्तर कळवलं की हा आदेश ग्राह्य धरता येत नाही, त्यात अमुक अमुक त्रुटी आहेत. एकेक त्रुटी लिहिली. आदेशात शेवटी काय वाक्य असायला हवं होतं तेही नमुन्यादाखल लिहून दिलं. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, नोकरीत पहिल्या वर्षी रचलेलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत वापरलेलं: ‘संबंधितांनी आपला कार्यभार हस्तांतरित करून, कोणतीही बाब प्रलंबित न ठेवता, नवीन ठिकाणी तत्काळ रुजू व्हावे.’ कोणतीही बाब प्रलंबित न ठेवता, हे शब्द त्यांना विशेष प्रिय होते.

दुपारचा चहा व्हायच्या आत उत्तर आलं. आमचा कारकून नवा आहे सर, तुमचं म्हणणं मी साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी लगेच सुधारित आदेश काढला. सोबत सुधारित आदेश होता. जावक क्रमांक होता, संदर्भ होता, कार्यमुक्तीची तारीख होती, प्रती चार ठिकाणी होत्या, आणि शेवटी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं बसलं होतं.

आता, लष्कर ही काही एका अनोळखी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून जेवणाच्या सुट्टीत आदेश बदलणारी संस्था नव्हे. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेरेसाहेबांना मात्र वेगळंच कळलं. सबंध नोकरीत त्यांच्या शेऱ्यावर इतक्या तातडीने कार्यवाही कधी झाली नव्हती. वरिष्ठ त्यांचे शेरे वाचत नसत, कनिष्ठ वाचून हसत. इथे एका शिस्तीच्या खात्याने त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं होतं. त्यांनी आदेश मोठा करून पुन्हा वाचला. डोळ्यांच्या कडा जरा ओल्या झाल्या, आणि त्यांनी चष्म्यावर हवा फुंकल्याचं निमित्त केलं.

“याला म्हणतात कामाची पद्धत,” ते सुनेला म्हणाले. “त्या गॅरेजवाल्याला नेऊन दाखव.”

व्यवहाराच्या अटी तर इतक्या सरळ होत्या की नाही म्हणायला जागा नव्हती. गाडी लष्कराच्या ट्रकने येईल. आधी फक्त पाठवणीचा खर्च भरायचा. गाडी दारात आली की बघायची, चालवायची, पसंत पडली तरच किंमत द्यायची, नाहीतर त्याच ट्रकने परत. पाठवणीचे पैसे मग हिशेबात वळते करून घ्यायचे. सुनेने आपले सगळे पैसे सासऱ्यांच्या खात्यावर टाकले, कारण व्यवहार एकहाती असावा असा त्यांचा आग्रह होता. पैसे पाठवण्यासाठी आलेला क्यूआर कोडचा चौकोन त्यांनी फोनवर उघडला तेव्हा ती शेजारीच उभी होती. पडद्यावर नाव उमटलं ते विक्रेत्याचं नव्हतं. कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं.

“बाबा, नाव वेगळं दिसतंय.”

“अगं, सरकारी भरणा माणसाच्या स्वतःच्या नावावर जात नसतो,” साहेब म्हणाले. मग तो ट्रेडर्सच्या नावावर तरी का जावा, हे तिने ओठांवर आलेलं गिळलं. तो आदेश तिनेही वाचला होता. इतकी नीटनेटकी गोष्ट खोटी कशी असेल, असं तिलाही वाटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाठवणीची पावती आली आणि सोबत फोटो. तागाच्या पोत्यांत गुंडाळून सुतळीने बांधलेली एक गाडी, ट्रकच्या फळीला टेकलेली. आत चंदेरी स्कूटर आहे की जुना पंखा हे सांगणं अशक्य होतं. साहेबांनी तो फोटो सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवला. खाली वाहनतळात त्यांनी खडूने एक चौकोन आखला आणि त्यात ‘राखीव’ असं लिहिलं. एवढ्यावर न थांबता बाजारात जाऊन स्कूटरवर घालायचं रबरी आच्छादन आणलं. ते त्या चौकोनात घडी करून ठेवलं. बायको म्हणाली, आधी घोडा येऊ द्या, मग खोगीर. तेव्हा त्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं.

मग ट्रकवाल्याचा फोन आला, वेगळ्या क्रमांकावरून आणि जरा रांगड्या आवाजात. गाडी शहराबाहेरच्या नाक्यावर आहे, वाटेतल्या विम्याची ठेव भरल्याशिवाय सोडत नाहीत, ठेव गाडी ताब्यात मिळताच परत. साहेबांनी भरली. मग कळलं की ठेव आणि पाठवणीचा खर्च वेगवेगळे भरल्यामुळे यंत्रणा स्वीकारत नाही, दोन्ही मिळून एकरकमी पुन्हा भरा, आधीचे आपोआप परत येतील. हे साहेबांना मनापासून पटलं. त्यांनी स्वतः असल्या कारणासाठी कितीतरी बिलं परत पाठवली होती. भरले. मग नाक्यावर गाडी थांबून राहिल्याचा दंड निघाला. प्रत्येक वेळी छावणीतला अदबशीर माणूस फोन करून दिलगिरी व्यक्त करायचा आणि वर विचारायचा, सर, या ट्रकवाल्यांसाठी एखादं परिपत्रक काढायला हवं, नाही का? साहेब त्याला परिपत्रकात काय काय असावं ते सांगायचे. बायकोने नंतर हिशेब लावला, तर त्या दिवसांत तिच्यापेक्षा जास्त ते त्या माणसाशी बोलले होते.

मधे एकदा त्याने साहेबांचं ओळखपत्र मागितलं होतं, गाडीच्या हस्तांतरासाठी. साहेबांनी आपलं निवृत्त कर्मचाऱ्याचं, हुद्दा लिहिलेलं कार्ड पाठवलं. कार्डाच्या खिशाला धूळ बसली होती, ती पुसून मग फोटो काढला.

पैसे संपले तेव्हा साहेबांना सुनेला सांगावं लागलं. ती नुकतीच केंद्रातून आली होती, हातांना जंतुनाशकाचा वास येत होता. दंडाचे थोडे कमी पडताहेत, तुझ्याकडे असतील तर दे, संध्याकाळपर्यंत सगळं परत येतंय, असं ते म्हणाले. तिने विचारलं, कमी म्हणजे किती गेले? त्यांनी आकडा सांगितला नाही, फोन पुढे केला. तिने उभ्याउभ्याच सगळे भरणे वाचले. वेगवेगळी नावं होती, एक ट्रेडर्स, एक मोबाइल दुकान, दोन माणसं. तिने ओरडाआरडा केला नाही. फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या मदत क्रमांकावर फोन लावला, बँकेला लावला, आणि प्रत्येक भरण्याचा क्रमांक सावकाश, नीट वाचून दाखवला. नळ्या जोडताना ती हात जसा स्थिर ठेवते तसा तिने आवाज ठेवला होता.

साहेब मागे उभे राहून म्हणत राहिले की घाई होते आहे, आदेश खरा आहे, त्या माणसाची बदनामी होईल.

शेवटचा भरणा सकाळचाच होता, तेवढा बँकेला समोरच्या खात्यात अडवता आला. आधीचे एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन केव्हाच रोख निघाले होते. अडवलेले पैसे मिळायलाही वेळ लागणार होता. पोलीस ठाण्यात येऊन लेखी तक्रार द्या, असं त्यांना सांगण्यात आलं.

ठाण्यात अशा तक्रारींची खोली वेगळी होती. एक टेबल, एक संगणक, खालून गरम हवा सोडणारा पंखा आणि भिंतीशी एक लांब बाक. टेबलामागे एक हवालदार बाई बसल्या होत्या. त्यांनी साहेबांचं सगळं ऐकून घेतलं आणि टंकण्यासाठी बोटं मोकळी केली. त्यांनी सांगितलं की स्कूटर खरी आहे. तिचा मालक एक दुकानदार आहे, त्याने ती पूर्वी कधी विकायला काढली होती, तेव्हा जाहिरातीतून फोटो आणि नोंदणी दोन्ही उचललं गेलं. गाडी आज त्याच्याच दारात उभी आहे आणि दर आठवड्याला कोणीतरी तिची चौकशी करत येतं. लष्कराच्या ओळखपत्रावरचा माणूसही खरा असेल, फक्त नाव बदलून नोंदणीवरचं घातलेलं, पण त्याला यातलं काही माहीत नसणार.

“तुम्ही तुमचं कार्ड पाठवलंत का त्याला?”

साहेबांनी मान डोलावली.

“मग आता तुम्हीही कुठेतरी गाडी विकत असाल,” बाई टंकता टंकता म्हणाल्या.

बाकावर एक माणूस बसला होता, एका वसतिगृहाचा आचारी. त्याला बाजारहाटासाठी मोटरसायकल हवी होती. हकिगत तीच, छावणी, बदली, ट्रक, पोती. फक्त गाडीचा रंग वेगळा. तो साहेबांकडे सरकला. एकाच दुखण्याचे दोन रोगी भेटल्यावर बोलतात तसा तो बोलू लागला. म्हणाला, मला पहिल्यापासून संशय होता. माझा मेहुणा कचेरीत आहे, त्याला मी आदेश दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, बिनधास्त घे.

“मेहुणा म्हणाला, हा कागद बनावट असूच शकत नाही. असं वाक्य लिहायला माणसाचा जन्म खुर्चीत जावा लागतो.”

आचाऱ्याने फोनवर आदेश काढला आणि पुढे धरला. जावक क्रमांक, संदर्भ, चार प्रती. आणि शेवटी, कोणतीही बाब प्रलंबित न ठेवता.

साहेबांच्या आयुष्यात त्यांच्या लेखनाची इतकी तारीफ कोणी केली नव्हती. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांची मान ताठ झाली. सून शेजारीच बसली होती. तिने मान ताठ होताना पाहिली, आणि सुनेने ती पाहिली हे साहेबांनी पाहिलं. मग मात्र त्यांना इतकी लाज वाटली की बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

हवालदार बाई तिकडून सांगतच होत्या. या टोळीचा आदेश आधी अगदी गचाळ असायचा. निम्मे लोक तो बघूनच माघार घ्यायचे. अलीकडे हा नवा आला, आणि तेव्हापासून हा बाक रिकामा नसतो. कोणीतरी जाणता माणूस त्यांना सामील असणार, असा त्यांचा अंदाज होता.

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. बोलायचं त्यांनी होतं.

साहेब उठले, टेबलापाशी गेले, आणि वरिष्ठांसमोर उभं राहायची जुनी सवय होती तसे हात मागे बांधून उभे राहिले.

“त्यातला शेवटचा परिच्छेद माझा आहे. वरच्या दुरुस्त्याही माझ्याच. मीच त्याला लिहून दिल्या.”

बाईंची बोटं थांबली. त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. आचाऱ्याला लवकर समजलं. तो शिव्या देईल असं साहेबांना वाटलं, पण त्याने फक्त फोन खिशात घातला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

“म्हणजे पैसेही तुम्ही दिलेत आणि शिकवलंतही तुम्हीच,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. जबाबात तेही घालावं लागेल म्हणाल्या. साहेब हो म्हणाले. मग, लोकांना सावध करताना काही खूण सांगता आली तर बरं, या कागदात अजून काही चूक दिसते का, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी पडद्यावरचा आदेश वाचला. होती एक चूक. संदर्भातलं पत्र आदेशानंतरच्या तारखेचं होतं. इतका वेळ आपल्याच वाक्यावर नजर खिळून राहिल्यामुळे ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. त्यांनी ती सांगितली, आणि सांगता सांगता त्यांचा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

“एवढी एक त्याला कळवू नका, बाबा,” सून म्हणाली.

त्या सगळ्या प्रकारात ती त्यांना लागेल असं बोलली ते एवढंच. बायकोने दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि पाणी आणायला आत गेली. खाली वाहनतळात खडूचा चौकोन अजून होता, आणि त्यात नव्या आच्छादनाची घडी.

संध्याकाळी दोन संदेश आले. पहिला साहेबांच्या फोनवर, नव्या क्रमांकावरून. सर, आपले सगळे पैसे परत करण्याचा आदेश तयार झाला आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरायचं आहे. मसुदा सोबत जोडला आहे, एकदा नजर टाकता का? साहेबांनी जोडलेला कागद उघडला नाही. फोन तसाच सुनेच्या हातात दिला आणि म्हणाले, हा क्रमांक त्या बाईंना कळव. तिने कळवला.

दुसरा संदेश तिच्या फोनवर आला, केंद्राच्या प्रमुख बाईंचा. गाडी येणार नाही हे तिने त्यांना ठाण्यातूनच कळवलं होतं. तिने तो वाचला आणि फोन सासऱ्यांसमोर टेबलावर ठेवला. साहेबांनी सवयीने चष्मा चढवला. एकच ओळ होती: ‘सोमवारपासून तुमची संध्याकाळची पाळी.’

या प्रकरणात खरी बदली झाली ती एवढी एकच. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. जावक क्रमांक नव्हता, संदर्भ नव्हता, सही नव्हती, प्रत कोणालाही नव्हती. कार्यवाही मात्र सोमवारपासून होणार होती आणि तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आतल्या खोलीत नात अभ्यासाला बसली होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

“तिला मी सांगतो,” साहेब म्हणाले.

“नको,” सून म्हणाली, फोन उचलला, आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसली.